पेसमेकरच्या चेकिंगचा प्रिंटआउट: घरच्या घरी नोंद कशी ठेवायची?

मी आधी माझी चूक सांगते.

आमच्या आबांना 2019 साली पेसमेकर बसवला. त्यांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यातला विजेचा संदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचतच नव्हता. वर्षातून एकदा चेकिंगला जायचं, मशीनमधून एक लांबलचक कागद निघायचा आणि डॉक्टर म्हणायचे, "सगळं ठीक आहे, बॅटरी भरपूर आहे." मी घरी येऊन मोबाईलच्या नोट्समध्ये एवढंच लिहायची: "बॅटरी 8 वर्षं, ओके." पुढच्या वर्षी: "बॅटरी 7 वर्षं, ओके." आणि कागद खराब होऊ नये म्हणून 2023 चा प्रिंटआउट मी औरंगपुऱ्यातून लॅमिनेट करून आणला. दुकानदाराने मशीनमधून काढून हातात दिला, तेव्हा तो पूर्ण काळा झाला होता. तो थर्मल पेपर होता. एटीएमच्या पावतीचा असतो तसलाच, म्हणजे उष्णता लागली की काळा पडणारा. मी स्वतःच तो गरम रोलरमधून काढून घेतला होता.

जानेवारी 2025 च्या चेकिंगला मशीनवर बसलेल्या टेक्निशियनने विचारलं, "ताई, खालच्या वायरचा थ्रेशोल्ड मागच्या वेळी किती होता?"

माझ्या नोट्समध्ये फक्त "ओके" होतं.

आबांच्या बाबतीत त्या एका आकड्याला महत्त्व होतं, ते का हे पुढे कळेलच. त्यानंतर मी नीट नोंद ठेवायला शिकले. तुमच्या घरात आजी-आजोबा, आई-वडील कुणालाही पेसमेकर असेल, तर ही नोंद तुम्हीही ठेवू शकता. त्यासाठी डॉक्टर असायची गरज नाही. कागदावरचा कोणता आकडा कुठून उचलायचा, एवढंच माहीत हवं.

## आधी फोटो, मग बाकी सगळं

पेसमेकर चेक करायच्या मशीनला प्रोग्रॅमर म्हणतात. छातीवर एक गोल हेड ठेवून किंवा वायरलेस पद्धतीने तो पेसमेकरशी बोलतो. एका कंपनीचा प्रोग्रॅमर दुसऱ्या कंपनीचा पेसमेकर वाचू शकत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी त्या त्या कंपनीचा माणूस मशीन घेऊन ठरलेल्या दिवशी येतो. जालना, बीड, वैजापूरकडचे पेशंट त्या एका दिवसासाठी शहरात येतात. पुढच्या वेळी तोच माणूस, तेच हॉस्पिटल असेलच असं नाही. जुना आकडा पेशंटच्या घरी असला तर उपयोग होतो.

काही मशीनमधून साध्या ए-फोर कागदावर रिपोर्ट येतो, काही ठिकाणी पीडीएफ मिळते, आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी थर्मल पेपरची पट्टी येते. पट्टी असेल तर तिचं आयुष्य कमी असतं हे गृहीत धरा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिली, प्लॅस्टिकच्या फोल्डरला चिकटली किंवा हाताला लावलेलं सॅनिटायझर लागलं, तरी अक्षरं पुसट होतात. म्हणून हॉस्पिटलमधून निघायच्या आधीच फोटो काढा.

फोटो काढताना पट्टी टेबलावर सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि एका फोटोत एकच पान घ्या. फोटो झूम करून दशांश चिन्ह दिसतंय का ते बघा. 1.75 मधला ठिपका दिसला नाही तर त्या फोटोचा उपयोग नाही. फाईलला तारखेने नाव द्या, वर्ष आधी, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप क्रम लागतो:

```
2025-01-18_pacemaker_p1.jpg
2025-01-18_pacemaker_p2.jpg
```

एक सूचना मोबाईलबद्दलच. फोटो काढून झाला की फोन आजोबांच्या शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायला देऊ नका. आतमध्ये चुंबक असलेले फोन छातीजवळ आले की काही पेसमेकर "मॅग्नेट मोड"मध्ये जातात. हृदयाचे स्वतःचे ठोके न बघता ते ठरलेल्या वेगाने ठोके देत राहतात. फोन दूर नेला की पेसमेकर पूर्ववत होतो. ॲपलने आयफोन 12 नंतर स्वतःच सांगितलंय की फोन अशा उपकरणापासून 15 सेंटीमीटरपेक्षा लांब ठेवावा आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर 30 सेंटीमीटरपेक्षा लांब.

## वरची ओळ: कधीच न बदलणारी माहिती

नोंदीच्या सुरुवातीला एक ओळ फक्त ओळखीची ठेवा: पेसमेकरची कंपनी, मॉडेल, बसवल्याची तारीख, वायर किती आणि त्यांचं मॉडेल. वायरला कागदावर लीड म्हणतात. आबांना दोन लीड आहेत, एक वरच्या उजव्या कप्प्यात आणि एक खालच्या उजव्या कप्प्यात. प्रिंटवर वरच्या कप्प्यासाठी `A` किंवा `RA` आणि खालच्यासाठी `V` किंवा `RV` असं छापलेलं असतं.

लीडचं मॉडेल लिहायला लोक विसरतात. पण पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली, तर फक्त पेसमेकर एमआरआयला चालणारा असून भागत नाही. लीडही तशाच लागतात. हे सगळं ऑपरेशननंतर मिळालेल्या पेसमेकर कार्डवर असतं. आबांच्या कार्डवर शहर "औरंगाबाद" आहे आणि नव्या कागदांवर "छत्रपती संभाजीनगर". म्हणून नोंदीत मी हॉस्पिटलचं पूर्ण नाव लिहिते, म्हणजे दोन वेगळी ठिकाणं समजायला नको. सीरियल नंबरही लिहून ठेवा, पण फॅमिली ग्रुपवर फोटो टाकताना नाव आणि सीरियल नंबर झाका.

## बॅटरी: "किती वर्षं" हा अंदाज असतो

पहिल्या पानावर साधारण वरच्याच बाजूला बॅटरीचा भाग असतो. तिथे उरलेलं आयुष्य वर्षांत किंवा महिन्यांत दिलेलं असतं. बऱ्याचदा कमीत कमी आणि जास्तीत जास्त असेही दोन आकडे असतात. मी तिन्ही लिहिते, कारण आधी नुसतं "6 वर्षं" लिहायची आणि घरातले सगळे ती एक्सपायरी डेट धरून बसायचे.

मोबाईलमध्ये "बॅटरी अजून 5 तास चालेल" असं दिसतं. तुम्ही व्हिडिओ लावला की तोच आकडा 3 तासांवर येतो. पेसमेकरचंही तसंच आहे. सध्या जेवढा करंट खर्च होतोय तेवढाच पुढेही होत राहील, असं धरून मशीन गणित करतं. सेटिंग बदललं की गणित बदलतं.

बॅटरीच्या भागात आणखी एक गोष्ट शोधा: बदलायची वेळ आली का, याची खूण. काही कंपन्या तिला `ERI` म्हणतात, काही `RRT`. तिथे तारीख किंवा "हो" आलं, तर पेसमेकर त्याच दिवशी बंद पडत नाही. साधारण तीन महिन्यांची राखीव मुदत ठेवूनच ती खूण येते. पण त्या वेळी काही पेसमेकर बॅटरी वाचवण्यासाठी स्वतःच साध्या मोडमध्ये जातात. उदाहरणार्थ, मेडट्रॉनिकचे बरेच पेसमेकर ही खूण आल्यावर `VVI` मोडमध्ये मिनिटाला 65 ठोक्यांवर येतात. वरच्या-खालच्या कप्प्यांचा ताळमेळ सुटतो आणि पेशंटला विनाकारण थकवा, धाप जाणवते. याच कंपनीच्या पेसमेकरवर चुंबक धरलं, तर चांगल्या बॅटरीला मिनिटाला 85 ठोके दिसतात आणि खूण आल्यावर 65. दुसऱ्या कंपन्यांचे आकडे वेगळे आहेत, म्हणून मॅग्नेट रेट लिहिताना कंपनीचं नाव सोबत हवंच.

## थ्रेशोल्ड आणि आउटपुट: सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो

हृदयाला ठोका द्यायला लावण्यासाठी लागणारी सगळ्यात कमी वीज म्हणजे थ्रेशोल्ड. पेसमेकर प्रत्यक्षात जेवढी वीज देतो ते आउटपुट. पहिली गोष्ट चेकिंगच्या वेळी मोजतात, दुसरी ठरवून सेट करतात. दोन्ही व्होल्टमध्येच असतात आणि कागदावर शेजारी-शेजारी असतात, म्हणून अदलाबदल होते. प्रिंटवर थ्रेशोल्डसाठी `Threshold` किंवा `Capture Threshold` आणि आउटपुटसाठी `Amplitude` किंवा `Output` हे शब्द शोधा.

थ्रेशोल्ड कसा मोजतात ते मी शेजारी बसून पाहिलंय. टेक्निशियन आउटपुट पायरी-पायरीने खाली आणतो: 2.5 व्होल्ट, मग 2.25, 2.0, 1.75, 1.5. स्क्रीनवर ईसीजी चालू असतो. 1.75 ला ठोका पडला, 1.5 ला पडला नाही, म्हणजे थ्रेशोल्ड 1.75. ठोका चुकला की तो लगेच टेस्ट थांबवतो. आबांसारख्या पेशंटला त्या एका क्षणात जरा गरगरल्यासारखं होतं. आबा म्हणतात, "लिफ्ट सुटल्यावानी वाटतं बघ."

व्होल्टच्या पुढे नेहमी एक वेळ छापलेली असते, `@ 0.4 ms` अशी. वीज किती मिलिसेकंद दिली, ती ही वेळ. ही वेळ न लिहिता नुसता व्होल्ट लिहिला तर नोंद अर्धवट राहते. वीज जास्त वेळ दिली तर कमी व्होल्टमध्येही ठोका पडतो. त्यामुळे 0.4 मिलिसेकंदाला 1.0 व्होल्ट आणि 1.0 मिलिसेकंदाला 1.0 व्होल्ट हे दोन्ही आकडे सारखे दिसले तरी त्यांची तुलना होत नाही.

आउटपुट थ्रेशोल्डपेक्षा किती जास्त ठेवायचं? वेळ तीच असेल तर साधारण दुप्पट व्होल्ट, हा जुना आणि आजही वापरात असलेला अंदाज. झोप, जेवण, ताप, औषधं, रक्तातले क्षार यांनी थ्रेशोल्ड थोडा वर-खाली होतो. त्यासाठी ही मोकळी जागा. काही पेसमेकर रोज स्वतःच थ्रेशोल्ड मोजून आउटपुट ठरवतात. तिथे फरक दुपटीपेक्षा कमी दिसू शकतो आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. अशा ठिकाणी प्रिंटवर `Auto` किंवा `Adaptive` असा शब्द असतो. तो नोंदीत उतरवा, नाहीतर पुढे बघणारा उगाच घाबरतो.

याच भागात ओहममध्ये एक आकडा असतो, `Impedance` नावाचा. वायरची तब्येत त्यातून कळते. नेमका किती, यापेक्षा तो मागच्या वेळेसारखाच आहे का, हे बघायचं. अचानक खूप वर गेला तर वायर आतून तुटल्याची किंवा सैल झाल्याची शंका येते. अचानक खूप खाली आला तर वायरवरचं आवरण खराब झाल्याची.

## सेटिंग: पहिलं पान की शेवटचं पान?

सेटिंगमध्ये मी चारच गोष्टी लिहिते: मोड, कमीत कमी ठोके, जास्तीत जास्त ठोके आणि दोन्ही कप्प्यांचं आउटपुट. आबांचा मोड `DDDR` आहे. पहिलं अक्षर, वीज कुठे देतो. दुसरं, ठोके कुठे ऐकतो. इथे `D` म्हणजे दोन्ही कप्प्यांत. तिसरं, ऐकल्यावर काय करतो. `D` म्हणजे गरज नसेल तर वीज थांबवतो आणि वरच्या कप्प्याचा ठोका आला की खालच्यालाही ठोका देतो. शेवटचा `R` म्हणजे चालताना-फिरताना हालचाल ओळखून वेग वाढवतो. कमीत कमी 60, जास्तीत जास्त 120.

आता माझी दुसरी चूक. जानेवारी 2025 च्या कागदांची चार पानं होती. मी पहिल्या पानावरून आउटपुट 2.0 व्होल्ट उतरवून घेतलं आणि शीट बंद केली. एप्रिलमध्ये गेलो तर मशीन दाखवत होतं 3.5. टेक्निशियनने माझी शीट बघून विचारलं, "मध्ये दुसरीकडे कुठे प्रोग्रॅमिंग केलंय का?" आम्ही कुठेच गेलो नव्हतो. मग जुने फोटो उघडले. पहिल्या पानावर वर बारीक अक्षरात `Initial` छापलेलं होतं, चौथ्या पानावर `Final`. पहिलं पान म्हणजे आल्या-आल्या पेसमेकर कसा होता, आणि शेवटचं पान म्हणजे जाताना कसा करून पाठवला. आउटपुट त्याच दिवशी बदललं होतं आणि मी बदलायच्या आधीचं लिहिलं होतं.

म्हणून आता सेटिंग बदललेल्या दिवसाच्या मी दोन ओळी करते: "आधी" आणि "नंतर". बदल का केला हे डॉक्टरांना तिथेच विचारून तेही लिहिते. प्रिंटवर बदल छापलेला असतो, पण त्याचं कारण बहुतेक वेळा नसतं. काही बदलच झाला नसेल तर "बदल नाही" एवढं लिहायचं. जागा कोरी ठेवायची नाही, कारण सहा महिन्यांनी बदल झाला नव्हता की मी लिहायला विसरले, हे कळत नाही.

## आबांची नोंद, जशी आहे तशी

मोबाईलवरच गुगल शीट केली आहे. त्यातला खालच्या लीडचा भाग हा असा:

```
तारीख         बॅटरी     थ्रेशोल्ड        आउटपुट         ओहम   पट
01/2023       8 वर्षं    0.75V@0.4ms   2.0V@0.4ms   560   2.7
01/2024       7 वर्षं    1.0V@0.4ms    2.0V@0.4ms   540   2.0
01/2025 आधी   6 वर्षं    1.75V@0.4ms   2.0V@0.4ms   530   1.1
01/2025 नंतर   -        1.75V@0.4ms   3.5V@0.4ms   530   2.0
04/2025       4.5 वर्षं  1.75V@0.4ms   3.5V@0.4ms   535   2.0
```

शेवटचा "पट" हा रकाना मी वाढवला आहे: आउटपुट भागिले थ्रेशोल्ड. दोन्हीकडे मिलिसेकंद सारखे असतील तेव्हाच तो भरायचा. व्होल्टचे नुसते आकडे वेगळ्या रकान्यांत ठेवले, तर शीट हा भागाकार स्वतः करते:

```
=E2/C2
```

आता ही शीट वरून खाली वाचा. बॅटरीच्या रकान्यात 8, 7, 6. दर वर्षी एक कमी, सगळं सुरळीत. मी फक्त हाच रकाना लिहीत होते, म्हणून माझ्या दृष्टीने सगळं "ओके" होतं. पण त्याच दोन वर्षांत थ्रेशोल्ड 0.75 वरून 1.75 वर गेला आणि आउटपुट तिथेच राहिलं. पट 2.7 वरून 1.1 वर आला. म्हणजे हृदयाला 1.75 लागत होते आणि पेसमेकर 2.0 देत होता. मध्ये फक्त पाव व्होल्ट उरला होता. प्रिंटवर खालच्या कप्प्याचे 99 टक्के ठोके पेसमेकरचे होते. ज्याचं हृदय जवळपास पूर्णपणे पेसमेकरवर चालतं, त्याच्यासाठी पाव व्होल्ट फार कमी आहे. थ्रेशोल्ड अजून थोडा वर गेला असता, तर वीज गेली असती पण ठोका पडला नसता.

टेक्निशियनने मागचा थ्रेशोल्ड विचारला तो यासाठी. 1.75 हा आकडा एकटा असला तर त्यातून फार कळत नाही. पहिल्या दिवसापासून 1.75 असणं वेगळं आणि दोन वर्षांत वाढत जाऊन 1.75 होणं वेगळं. पुण्याच्या काकांना मी कधीकाळी व्हॉट्सॲपवर पाठवलेले जुने फोटो त्यांनी तिथल्या तिथे शोधून दिले. लॅमिनेशनमध्ये काळा झालेला कागद त्यांच्या मोबाईलमध्ये शाबूत होता. त्यातून 2023 आणि 2024 चे आकडे मिळाले.

ते पाहून डॉक्टर मॅडमनी तीन गोष्टी केल्या. आउटपुट 3.5 वर नेलं. लीडचं टोक जागचं हललंय का ते पाहायला छातीचा एक्स-रे काढला. आणि रक्तातलं पोटॅशियम तपासलं, कारण ते वाढलं की थ्रेशोल्डही वाढतो. एक्स-रेमध्ये लीड जागेवर होती, पोटॅशियम नॉर्मल होतं आणि ओहमचा आकडाही जवळपास तोच होता, म्हणजे वायर तुटलेली नव्हती. लीडच्या टोकाभोवतीची पेशी काळानुसार बदलत असावी, असं मॅडम म्हणाल्या. वर्षाऐवजी तीन महिन्यांनी या, असं सांगितलं.

## "तीन महिन्यांत दीड वर्ष गेलं?"

एप्रिलमध्ये बॅटरीचा आकडा 6 वरून 4.5 वर आला आणि घरात एकच गोंधळ. बाबा म्हणाले, "बॅटरीच खराब निघाली वाटतं." आबांनी तर हिशोबच मांडला की अशा वेगाने वर्षभरात संपेल.

शीट नीट वाचली की उत्तर तिथेच सापडतं. जानेवारीतले 6 वर्षं हे पहिल्या पानावरचे होते, म्हणजे 2.0 व्होल्टच्या खर्चाचा अंदाज. एप्रिलचा आकडा 3.5 व्होल्टच्या खर्चाचा. एका ठोक्याला लागणारी ऊर्जा व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते:

```
E = V² × t ÷ R
2.0 × 2.0 = 4.00
3.5 × 3.5 = 12.25
```

वेळ आणि ओहम तेच आहेत, तरी प्रत्येक ठोक्याची ऊर्जा तिपटीहून जास्त झाली. दिवसाला साधारण एक लाख ठोके, म्हणजे फरक जाणवणारच. त्यात बऱ्याच पेसमेकरची बॅटरी नवी असतानाही 2.8 व्होल्टच्या आसपासची असते. त्याहून जास्त व्होल्ट द्यायचे तर आतल्या सर्किटला व्होल्टेज चढवून घ्यावं लागतं आणि त्यात करंट आणखी खर्च होतो. मग आयुष्य तिपटीने का घटलं नाही? कारण बॅटरीचा बराच भाग ठोके ऐकणं, मोजणं, साठवणं यातच जातो, आणि तो खर्च दोन्ही वेळी तेवढाच असतो.

म्हणजे बॅटरी खराब नव्हती. आम्ही सुरक्षिततेसाठी बॅटरी खर्च करत होतो. ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा चेकिंग झालं. थ्रेशोल्ड 1.75 वरच थांबला होता आणि बॅटरी 4 वर्षं, म्हणजे सहा महिन्यांत सहा महिनेच कमी झाले. आबांनी शीट बघितली आणि म्हणाले, "आता हिशोब लागला." आता बाबांचाही विश्वास बसला.

सेटिंग न बदलताच आकडा असा उतरला असता, तर गोष्ट वेगळी होती. थ्रेशोल्ड तोच, आउटपुट तेच, ठोक्यांचे टक्के तेच आणि तरी बॅटरी अचानक दीड वर्षाने खाली, असं दिसलं की पुढच्या तारखेची वाट न पाहता हॉस्पिटलला कळवायचं.

## ही नोंद काय सांगू शकत नाही

शीटमध्ये सगळं ठीक दिसतंय म्हणून चक्कर, घेरी, डोळ्यांपुढे अंधारी, पेसमेकरच्या जागी लाली किंवा सूज याकडे दुर्लक्ष करायचं नाही. ही नोंद शेवटच्या चेकिंगच्या दिवसाची असते, आजची नाही. असं काही झालं तर आधी हॉस्पिटल, फोनमधली शीट सोबत.

बसवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत थ्रेशोल्ड वर जाऊन नंतर स्थिरावतो. त्या काळात आउटपुट मुद्दाम जास्त ठेवतात आणि साधारण तिसऱ्या महिन्याच्या आसपास कमी करतात. म्हणून पहिल्या चेकिंगनंतर बॅटरीचा आकडा एकदम वाढलेला दिसला, तर तुम्ही चुकीचं वाचलेलं नाही.

आणि शेवटचं: मशीनवरचा माणूस घाईत असतो, बाहेर रांग असते. तरी प्रिंट हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारा, "आज काही बदललं का, आणि शेवटच्या सेटिंगचं पान यात आहे का?" मी आता तो दारातच विचारते. परवा त्यांनीच माझा फोन मागितला आणि मागच्या चार ओळी बघून मगच टेस्ट सुरू केली.